लेकीचे पडलेले दोन दात

बाबांनी फुटाळा तलावावर काढलेला माझ्या लेकीचा एक फोटो आहे. ती सहा वर्षांची होती, समोरचे वरचे दोन्ही दुधाचे दात पडलेले, आणि तोंडभर हसते आहे. बाबा गेले, त्यांचा फोनही बंद पडला. उरली ती फक्त व्हॉट्सॲपवर आलेली प्रत, 480 × 640 पिक्सेलची.

आईच्या खोलीत लावायला मला तो 6 × 8 इंचांत हवा होता. 640 पिक्सेल 8 इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम 80 पडतात. जवळून बघायच्या प्रिंटला 300च्या आसपास लागतात. लांबी-रुंदी दोन्ही चौपट केली तर 320 मिळणार होते.

आधी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये टाकला. चेहरा एकदम लख्ख झाला. आईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे दात कुठून आले गं?"

खरंच, सगळे दात जागच्या जागी होते, आणि गालावरचा तीळ गेला होता. ॲपमध्ये चेहरा सुधारण्याचा पर्याय आपोआप चालू होता. मूळ फोटोत चेहरा जेमतेम 90 पिक्सेल रुंद. एवढ्यात जे दिसत नाही, ते असं AI मॉडेल शिकताना पाहिलेल्या चेहऱ्यांवरून भरून काढतं, आणि त्यातल्या बहुतेकांना दात असतात. मला माझ्या लेकीचं बोळकं हवं होतं.

मग लॅपटॉपवर फोटो मोठा करणारं Upscayl हे सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे आणि फोटो लॅपटॉपबाहेर जात नाही, हे मला लहान मुलीच्या फोटोसाठी महत्त्वाचं वाटलं. 4x करून PNG मध्ये साठवला. दातांची फट जशीच्या तशी राहिली, तीळही. पण केस ब्रशने रंगवल्यासारखे आणि त्वचा मेणासारखी झाली.

यावर उपाय GIMP या फोटो एडिटरमध्ये सापडला. मूळ फोटो साध्या Cubic पद्धतीने 1920 × 2560 केला. तो धूसर, पण खरा. त्यावर Upscayl चा फोटो दुसरा थर म्हणून ठेवला आणि Opacity 60 वर आणली, म्हणजे खालचा खरा फोटोही त्यातून दिसतो. चेहऱ्यावर मास्क लावून तिथे 40च ठेवली. शेवटी अगदी हलका Noise दिला, म्हणजे मेणचटपणा मोडतो. पडताळणीसाठी तयार फोटो परत 480 × 640 करून मूळ फोटोशेजारी ठेवला. तोंड आणि डोळे दोन्हींत सारखेच दिसले. ॲपवाल्या फोटोचं असंच केलं, तर एवढ्या लहान आकारातही दात दिसत होते.

सीताबर्डीतल्या लॅबमध्ये आधी फक्त चेहऱ्याचा भाग, अंतिम मापातच, 4 × 6 च्या कागदावर काढून घेतला. लॅबमधल्या दादांनी मॅट कागद सुचवला. चकाकी नसली की धूसरपणा कमी जाणवतो. पापण्या सुट्या दिसत नाहीत, पण त्या मूळ फोटोतही नव्हत्या.

फ्रेम आली तेव्हा आईने काचेवरून, जिथे दात नाहीत तिथे, बोट फिरवलं.