मार्चअखेरचा बँक ताळमेळ आणि १८० रुपयांचा फरक

सातपूर एमआयडीसीत मशिनरी दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका फर्मचे हिशेब मी बघते. ३१ मार्चला आमच्या टॅलीत बँकेची शिल्लक ४,१८,२५० रुपये दिसत होती आणि स्टेटमेंटवर ४,५९,३५२.३०. फरक ४१,१०२.३० चा. सीए सरांकडे फाइल जाण्याआधी यातला पैसा न् पैसा कुठला, ते कागदावर यायला हवं होतं.

स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेतलं, शेजारी टॅलीतलं बँकेचं लेजर. आपल्याकडे बँक खात्याला जे नावे पडतं ते बँकेच्या कागदावर जमा असतं, म्हणून दोन्हीकडे ‘आले’ आणि ‘गेले’ असे सरळ रकाने केले. नुसत्या रकमेवर जुळवणी केली की एक घोळ हमखास होतो. एकाच पार्टीच्या ५,९०० च्या दोन पावत्या लेजरला असतील आणि बँकेत पैसे एकदाच आले असतील, तरी एक्सेल दोन्हींपुढे ‘सापडलं’ म्हणतं. त्यामुळे ती रक्कम यादीत कितव्यांदा आली, तो आकडा तिला जोडला आणि जुळवणी या नव्या रकान्यावर केली:

```
=D2&"-"&COUNTIF(D$2:D2,D2)
```

मग पहिले ५,९०० पहिल्याशीच जुळतात आणि लेजरमधले दुसरे उघडे पडतात. तारीख तंतोतंत जुळायचा आग्रह धरला नाही, चेक वटायला दिवस जातात. पार्टीचं नाव आणि यूटीआर नंबर मात्र डोळ्यांखालून घातले.

न जुळलेल्यांपैकी दोन नोंदी सोप्या होत्या. पुरवठादाराला १२ मार्चच्या तारखेचा ५२,००० चा चेक दिला होता, तो त्याने बँकेत टाकलाच नव्हता. आणि ३१ तारखेला दुपारनंतर आम्ही भरलेला १८,५०० चा चेक एप्रिलमध्ये जमा झाला. इथे लेजरला हात लावायचा नाही, या नोंदी बीआरएसमध्ये दाखवायच्या. आयएमपीएसचे ५.९० प्रमाणे तीन चार्जेस, म्हणजे १७.७०, बँकेने कापले होते. त्यांची नोंद टाकली. ९,४४० रुपये जमा होते आणि नरेशनमध्ये अनोळखी नाव. ८,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की बरोबर ९,४४० होतात, म्हणून येणे बाकीच्या यादीत ८,००० चं काम शोधलं. अंबडच्या एका पार्टीचं निघालं, मालकाने स्वतःच्या बचत खात्यातून पैसे पाठवले होते. त्यांचा फोनवर होकार येईपर्यंत मी ती रक्कम सस्पेन्सलाच ठेवली. आकडा जुळला म्हणून पार्टी तीच, असं धरून चालत नाही.

खरा वेळ गेला तो जवळपास जुळणाऱ्या रकमांवर. एका ठिकाणी लेजरला १,१८,००० आले होते, बँकेत १,१६,०००. दुसरीकडे लेजरमधून ८,६४० गेले होते, बँकेतून ८,४६०. शेठ म्हणाले, “ताई, एवढ्याशासाठी कशाला बसताय, राऊंड ऑफला टाका.” मी नाही टाकलं. एक फरक बँकेला २,००० ने कमी करतो, दुसरा १८० ने वाढवतो. एकत्र पाहिलं तर १,८२० उरतात आणि त्या आकड्यावरून दोन्हींतलं एकही कारण सापडत नाही. म्हणून प्रत्येक फरक वेगळ्या ओळीवर, आपल्या चिन्हासकट लिहिला.

२,००० चं कोडं बिल काढल्यावर सुटलं. १,१८,००० वर २ टक्के काढले तर २,३६० येतात, जुळत नाहीत. पण जीएसटी वगळून मूळ रक्कम १,००,०००, तिच्यावर २ टक्के म्हणजे नेमके २,०००. कंत्राटी कामावरचा टीडीएस पार्टीने कापला होता. हे राऊंड ऑफला गेले असते तर आमच्या हक्काचा कर खर्चात बुडाला असता. आता ते ‘टीडीएस येणे’ खात्यात आहेत.

१८० ला ९ ने पूर्ण भाग जातो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, म्हणून तिथे आधी व्हाउचर आणि बिल समोर ठेवायचं. ९ ने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं मात्र नाही, बँकेचा एखादा चार्जसुद्धा १८० चा असू शकतो. इथे बिलावर ८,४६० स्पष्ट होतं. व्हाउचर तसंच राहिलं असतं तर पुरवठादाराच्या खात्यावर १८० रुपये जास्त दिल्याचं दिसत राहिलं असतं आणि त्याच्याशी पुढच्या हिशेबात वाद झाला असता.

दुरुस्त्यांनंतर लेजर ४,२५,८५२.३० वर आलं. त्यात न वटलेले ५२,००० मिळवले, जमा न झालेले १८,५०० वजा केले की बँकेचे ४,५९,३५२.३० होतात. दोन कामं राहिली. २,००० रुपये २६एएसमध्ये दिसतात का ते पाहायचं, पण जानेवारी ते मार्चच्या टीडीएस रिटर्नची मुदत ३१ मेपर्यंत असते, त्यामुळे एप्रिलमध्ये ते दिसले नाहीत म्हणून पार्टीशी भांडायचं नाही. आणि चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ५२,००० खर्ची पडले नाहीत तर पुरवठादाराला फोन करायचा.