काचेवर धरलेला नकाशा

काल दुपारी चुलतभावाचा मेसेज आला, शेताच्या वाटेवरून ग्रुपवर जे काही झालं ते सगळं एका फोटोत पाठव. माझ्या जुन्या फोनमध्ये लांब स्क्रीनशॉटची सोयच नाही, मग काय, पाच काढले आणि बसलो जोडत.

प्रत्येक वेळी वर सरकवताना आधीचे दोन मेसेज परत दिसतील एवढंच सरकवायचं, नाहीतर जोडायला धरायचं कशाला? आणि आधी वरची नाव-बॅटरीची पट्टी नि खालचा टाइप करायचा डबा कापून टाकायचा, नाहीतर दर वीतभर अंतरावर तीच बॅटरी ६२ टक्के. मग दुसरा फोटो पहिल्यावर ठेवून 50 टक्के पारदर्शक करायचा आणि हळूहळू खाली-वर सरकवायचा. आधी अक्षरं दोन-दोन दिसतात, चष्मा काढल्यासारखी, आणि एका जागी टचकन एक होतात. मात्र मागच्या वॉलपेपरच्या चित्रांकडे बघायचं नाही, ती कधीच जुळत नाहीत, कारण मेसेज सरकतात आणि वॉलपेपर जागचा हलत नाही. मला हे कळेपर्यंत अर्धा तास गेला. फोटो काढायच्या आधीच साधा एकरंगी वॉलपेपर लावायला हवा होता.

बाबा गावाचा गट नकाशा असाच जोडायचे. झेरॉक्सवाल्याकडून चार तुकड्यांत आणलेला. दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे, मागून ऊन, आणि ओढ्याची रेघ ओढ्यावर आली की "धर, हलू नकोस" असं मला सांगायचे. मी हलायचोच. शिवाय झेरॉक्स किंचित लहानमोठी झालेली असायची, म्हणजे ओढा जुळला की दुसऱ्या टोकाचा बांध निसटायचा. ते बांध जुळवायचे, ओढ्याचं बघू म्हणायचे. का, ते तेव्हा कळलं नाही.

तर तिसरा आणि चौथा काही केल्या जुळेना. वरचा मेसेज जुळवला की खालचे दोन बोटं वर चढायचे. वॉलपेपर नाही, अक्षरंच. मला वाटलं एखादा फोटो लहानमोठा झाला, मोजून पाहिलं तर दोन्ही सारखेच उंच. मग नीट बघितलं. तिसऱ्यात सगळ्यात खाली काकांचा चार ओळींचा मेसेज होता, बांधावरून वाट घ्या, माझी हरकत नाही. चौथ्यात त्याच जागी डिलीट केल्याची एक राखाडी ओळ. मी चहा ठेवायला उठलो होतो ना मध्ये, तेवढ्यात.

दोन्ही फोटो उघडे ठेवून बसलोय. कापायचं कुठून ते ठरत नाहीये.