ग्रांटचा शेवटचा हप्ता आणि रॅप रिपोर्टमधला एक रकाना (माझा अनुभव)

डॉक्युमेंटरी पूर्ण करणं एकवेळ सोपं, पण त्यानंतर ग्रांट देणाऱ्या संस्थेला रॅप रिपोर्ट लिहिणं म्हणजे डोक्याला ताप, आणि माझा ताप अजून पुरता उतरलेला नाही म्हणून हे लिहितेय.

रिपोर्टचे भाग दोन, फिल्मचं काय झालं आणि पैशाचं काय झालं. पहिला भाग झाला पटकन. पैशाच्या तक्त्यात मात्र अशी अडकले की विचारू नका.

आमची ग्रांट ४०-४०-२० अशी होती. सोयीसाठी एकूण १०० धरा. ४० करार झाल्यावर, ४० रफ कट दाखवल्यावर आणि उरलेले २० रिपोर्ट मंजूर झाल्यावर. म्हणजे हातात आले ८०, आणि काम मात्र १०० चं करून बसलो होतो. साउंड मिक्सचे ८, कलर ग्रेडिंगचे ५, आर्काइव्ह फुटेजच्या लायसन्सचे ४ आणि सबटायटलचे ३, असे बरोबर २० द्यायचे बाकी, कारण ते शेवटच्या हप्त्यातूनच द्यायचे ठरले होते. आता फॉर्ममध्ये रकाने दोनच, 'मंजूर बजेट' आणि 'प्रत्यक्ष खर्च', आणि प्रत्यक्ष खर्चाला बिल अधिक पैसे दिल्याचा पुरावा हवा. १०० लिहावेत तर २० चा पुरावा नाही. ८० लिहावेत तर काम ८० मध्येच उरकलं असं दिसतं, आणि करारात स्पष्ट कलम होतं की खर्च कमी झाला तर शेवटचा हप्ता तेवढा कापला जाईल. म्हणजे हप्ता मिळाल्याशिवाय पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय हप्ता नाही, आधी कोंबडी की आधी अंडं!

प्रोग्रॅम ऑफिसरला विचारलं तर उत्तर आलं, "फॉर्मप्रमाणे भरा." परत विचारलं, परत तेच. बाई स्वभावाने चांगल्या, पण पैशाचा निर्णय त्यांच्या हातात नव्हताच, तो फायनान्सवाल्यांचा, आणि हे मला कोणी सांगेना. तर पहिली टीप हीच, खर्चाचा प्रश्न असेल तर मेलमध्ये फायनान्सच्या माणसाला आधीपासून कॉपीत ठेवा.

फायनान्सवाल्याने मात्र एका ओळीत सोडवलं. त्यांचा हिशोब कॅश बेसिसवर नव्हता, अक्रूअल बेसिसवर होता, म्हणजे ग्रांटच्या मुदतीत काम झालं असेल तर तो खर्च झालाच, पैसे नंतर दिले तरी चालतं. फक्त वेगळं परिशिष्ट जोडायचं, 'देय रकमा' म्हणून, त्यात कोणाला किती, कशासाठी, काम कधी पूर्ण झालं आणि हप्ता मिळाल्यावर ३० दिवसांत पावत्या पाठवू असं लेखी. एवढंच! हे फॉर्मच्या सूचनांमध्ये लिहायला काय जात होतं? (सगळ्या संस्था असं मानत नाहीत, काहींना पैसे दिलेलेच लागतात, म्हणून करारावर सही करायच्या आधीच विचारून घ्या कॅश की अक्रूअल.)

तरी साउंडवाल्याच्या बिलाने घोळ घातलाच. मिक्स मुदतीत झालं, पण त्याने बिल काढलं मुदत संपल्यावर. एक मित्र म्हणाला, तारीख बदलून घे की. अजिबात नाही, बिलाच्या नंबरांचा क्रम आणि बँकेतली नोंद शेजारी ठेवली की ऑडिटरला लगेच दिसतं. त्यापेक्षा फायनल मिक्सच्या फाइली पाठवल्याचा त्याचा मेल होता, त्यावर तारीख मुदतीतली, तोच बिलाला जोडला. चाललं.

हो, आणि साउंडचा आकडाही बजेटपेक्षा फुगला होता, कारण उघड्यावरच्या मुलाखतींमध्ये वारा भरलेला, साफ करायला जास्त दिवस गेले. प्रवासातून वाचलेले पैसे तिकडे वळवले होते. एका खात्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर आधी परवानगी घ्यायची अट होती, ती आम्ही मेलवर घेतलेली, तोच मेल जोडला. कारण लिहिताना 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे नको, वारा होता तर वारा लिहा.

बिलं तारखेने लावू नका, बजेटच्या खात्याप्रमाणे लावा, तपासणारा तसंच बघतो.

फिल्मच्या भागाबद्दल एकच, फेस्टिव्हलमध्ये निवड झाली म्हणजे परिणाम दाखवला असं नसतं. अर्जात आपण काय कबूल केलं होतं ते उघडून शेजारी ठेवा. आम्ही शाळांमध्ये शो आणि नंतर चर्चा म्हटलं होतं, तर किती शो झाले, किती जण आले, चर्चेत काय निघालं आणि कुठले शो राहिले तेही लिहिलं. राहिलेल्या शोंबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, सगळे प्रश्न त्या २० वरच.

हप्ता आला, चौघांचे पैसे दिले, पावत्या पाठवल्या. फॉर्ममध्ये 'देय' नावाचा तिसरा रकाना टाका असं मी त्यांना लेखी कळवलंय, अजून उत्तर नाही.