बोटांवरचा ठोका

डिसेंबरचा महिना, कापूस वेचणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या दिवसांत दुपारी फारसं कुणी फिरकत नाही. त्या दिवशी तीनच्या सुमारास आशाताई ऑटोतून एका बाईला घेऊन आल्या. दुसरं बाळंतपण, 37 आठवडे पूर्ण, बारीक कळा सुरू. सोबत सासू.

पोट पाहताच मला शंका आली. महिन्यांच्या मानाने ते जास्तच मोठं होतं, कातडी ताणून चकाकत होती. एका बाजूला हाताने टिचकी मारली की दुसऱ्या बाजूच्या हाताला लाट लागायची. फायलीत पंधरा दिवसांपूर्वीची सोनोग्राफी होती आणि गर्भजलाचा आकडा 27 सेंटीमीटर. 25 च्या वर गेला की पाणी जास्त समजतात. साखरेची तपासणी 24 ते 28 आठवड्यांत व्हायला हवी होती, पण तेव्हा ती आलीच नव्हती. 34 व्या आठवड्यात केली तेव्हा साखर वाढलेली निघाली.

या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पोटातलं पाणी एका जागी साचून राहत नाही. पाचव्या महिन्यानंतर त्यातला मोठा भाग म्हणजे बाळाचीच लघवी. बाळ ते पाणी गिळतं, आतड्यातून ते रक्तात जातं, पुन्हा लघवीवाटे बाहेर येतं. आईची साखर वाढली की ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरते, मग बाळ जास्त लघवी करतं आणि पाणी वाढत जातं. उलटही होतं. बाळाच्या किडन्या नीट काम करत नसतील तर पाणी फार कमी होतं. त्या पाण्यातच बाळ छाती हलवून श्वासाचा सराव करत असतं. पाणी लवकरच्या महिन्यांत आटलं तर फुफ्फुसं नीट वाढत नाहीत.

तपासलं तर डोकं खाली होतं, पण ओटीपोटाच्या कड्यात उतरलेलं नव्हतं. बोटाने ढकललं की तरंगत वर जायचं. मला खरी काळजी याची वाटली. एरवी डोकं खाली बुचासारखं बसलेलं असतं. पाणमोट फुटली तरी थोडंच पाणी जातं आणि नाळ मागे राहते. इथे बूच नव्हतं आणि वर पाण्याचा दाब होता. आमच्या डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि सांगितलं, "पाणमोटेला कुणी हात लावायचा नाही. 108 ला फोन करा, उपजिल्हा रुग्णालयात पाठवू." अंतर 38 किलोमीटर. बाळाचे ठोके तेव्हा मिनिटाला 142 होते.

गाडी यायला अजून पंधरा मिनिटं होती. ती कूस बदलत होती, तेवढ्यात एक कळ आली आणि पाणी गेलं. गेलं म्हणजे टेबलावरून खाली ओघळ लागला. सासू ओरडली, "बाई, पानीच पानी झालं जी!"

पाणी गेलं की आधी ठोके ऐकायचे, हा माझ्या पहिल्या सिस्टरांनी लावलेला शिरस्ता. डॉपलर लावलं. 84. थांबून पुन्हा ऐकलं. 80. हातमोजा घालून तपासलं तर डोक्याच्या पुढे बोटांना मऊ, गुळगुळीत, पिळदार काहीतरी लागलं आणि ते धडधडत होतं. नाळ खाली घसरली होती.

नाळेत तीन नळ्या असतात. एक शीर वारेकडून प्राणवायूचं रक्त बाळाकडे आणते, दोन धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात. भोवती घट्ट पेजेसारखा एक गर असतो, तो त्यांना चेपू देत नाही. तरी शिरेची भिंत पातळ असते, दाब पडला की आधी ती मिटते. पाणी असतं तोवर नाळ तरंगते, बाळ तिच्यावर रेललं तरी ती सरकते. पाणी गेलं की नाळ डोकं आणि हाड यांच्या मधे सापडते. प्रत्येक कळेला डोकं खाली दाबलं जातं आणि बाळाचा श्वासच बंद होतो, कारण त्याचा श्वास नाकातून चाललेलाच नसतो.

मी दोन बोटं आत ठेवून डोकं वर उचलून धरलं. नाळ आत ढकलायची नाही, उगाच हाताळायची नाही. हात लागल्याने किंवा गार हवेने तिच्या धमन्या आकसतात. म्हणून जेवढी बाहेर डोकावत होती तेवढीही तशीच राहू दिली, वर कोमट सलाईनमध्ये भिजवलेला कपडा. तिला गुडघ्यांवर ओणवं केलं, छाती गादीला टेकलेली, कंबर वर. बोटावर नाळेचा ठोका लागत होता. डोकं उचलल्यावर तो जरा जरा जलद झाला. डॉपलरवर 118.

मॅडमनी कळा थोपवण्यासाठी टर्ब्युटालीनचं इंजेक्शन कातडीखाली दिलं. मग लघवीची नळी घालून तिच्यातून मूत्राशयात 500 मिली सलाईन भरलं आणि नळीला चिमटा लावला. भरलेलं मूत्राशय समोरून डोक्याला वर उचलतं. प्रवास लांबचा असेल तेव्हा याचा मोठा आधार. ठोके 130 वर आले तशी मी हळूच बोटं काढून पाहिली. आकडा खाली आला नाही. तरी हातमोजा काढला नाही.

गाडीत ओणवं ठेवणं धोक्याचं, म्हणून डाव्या कुशीवर, कमरेखाली दोन उशा. सासू शेजारी बसली होती. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "म्या तिले सांगतलं होतं, दोरीवर कपडे वाळू घालू नको. हात वर केले का नाळ गळ्यात पडते." मी सांगितलं, गळ्याभोवती नाळ असलेली बाळं चारात एक जन्मतात आणि बहुतेकांना काही होत नाही. तिचे हात आणि ही नाळ यांचा संबंध नाही, पाणी जास्त होतं आणि डोकं वर होतं. तर तिचा पुढचा प्रश्न: "मंग एवढ्या पान्यात पोरगं बुडत नाही काय?" त्या घाईतही मला हसू आलं. प्रश्न चुकीचा नव्हता. म्हटलं, बुडायला आधी हवेत श्वास घ्यावा लागतो, याचा श्वास अजून त्या नाळेतून चाललाय.

वाटेत दोनदा कळ आली आणि दोन्ही वेळा मी बोटांनी डोकं धरलं. फोन आधीच गेला असल्यामुळे थिएटर तयार होतं. पोट उघडण्याआधी चिमटा काढून मूत्राशय रिकामं करायचं, हे मी दारातच तिथल्या सिस्टरना सांगितलं. घाईत हे विसरलं तर भरलेल्या मूत्राशयाला चाकू लागू शकतो.

पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. 3 किलो 400 ग्रॅम. आधी निपचित होती, पाठ चोळल्यावर रडली. नाळ मोजली तर 74 सेंटीमीटर, साधारण 50 ते 60 असते. लांब नाळ खाली घसरायला सोपी.

मी परत निघाले तोवर तिथल्या सिस्टरनी मुलीच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, साखर 38, म्हणजे कमी. आईकडून येणारी साखर नाळ कापताच थांबली होती, पण त्या साखरेला सरावलेलं मुलीच्या शरीरातलं इन्सुलिन अजून जोरात चालू होतं. सिस्टरनी तिला लगेच आईजवळ दुधाला लावलं. अर्ध्या तासाने पुन्हा टोचलं, तेव्हा 52 आली. सासू दाराशी उभी राहून विचारत होती, "काऊन टोचून राहिल्या जी एवढ्याशा पोरीले?"