मूळ स्थितीतले म्हणून आलेले घड्याळ

एका ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी तपासणीसाठी साठच्या दशकातील एक स्वयंचलित स्विस मनगटी घड्याळ माझ्याकडे आणले. घड्याळ पूर्णपणे मूळ स्थितीत असून वर्षभरापूर्वी त्याची सर्व्हिसिंग झाली आहे, असे सांगून विक्रेत्याने नेहमीच्या दराच्या जवळपास दुप्पट किंमत मागितली होती. मात्र ते उघडून पाहण्यास त्याची हरकत नव्हती.

तबकडी इतकी स्वच्छ होती की माझी शंका तिथूनच सुरू झाली. दहापट भिंगातून पाहिल्यावर अक्षरांच्या कडा किंचित पसरलेल्या दिसल्या आणि मिनिटांच्या रेघा काही ठिकाणी कडेच्या वर्तुळाला टेकत होत्या, तर काही ठिकाणी त्याला ओलांडून जात होत्या. तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ ही अक्षरे होती, म्हणजे चमकणाऱ्या ठिपक्यांत ट्रिटियम असायला हवे होते. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे 12.3 वर्षे असल्याने इतक्या वर्षांनी त्याची स्वतःची चमक जवळपास संपलेली असते, आणि टॉर्च मारली तरी जुना लेप काही क्षणांतच मावळतो. हे ठिपके मात्र टॉर्च बंद केल्यावरही बराच वेळ हिरवे उजळत राहिले. तबकडी नव्याने रंगवून छापलेली होती आणि ठिपक्यांत आधुनिक लेप भरलेला होता. तबकडीच्या कडेला बारीक खाचही होती, पण काही तबकड्यांना ती कारखान्यातूनच असते. केवळ तिच्यावरून मी निष्कर्ष काढला नसता.

मागच्या झाकणाच्या आतील बाजूस असलेला घड्याळाच्या बाहेरील केसचा क्रमांक कंपनीच्या यादीत पाहिला, तेव्हा ती केस एका कॅलिबरसाठी, म्हणजे मशीनच्या एका ठरावीक मॉडेलसाठी, बनवलेली निघाली, तर आत त्याच कंपनीचे दुसरेच मशीन बसलेले होते. मनगटाच्या हालचालीने फिरून चावी भरणाऱ्या रोटरचा तांबूस मुलामाही मशीनची चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे पुलांच्या, छटेशी जुळत नव्हता. काटे काढून तबकडी उचलली तेव्हा उलगडा झाला. तबकडीला मशीनवर धरून ठेवणारे मागचे दोन्ही पाय कापलेले होते, कारण या मशीनमधील छिद्रे त्यांच्या जागी नव्हतीच, आणि तबकडी दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली होती.

सर्व्हिसिंगचा कोणताही कागद नव्हता. झाकणात कारागिराची खूणही नव्हती, पण अनेक कारागीर खूण करतच नाहीत. म्हणून तबकडी उचलण्यापूर्वीच मी पूर्ण चावी देऊन घड्याळ टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवले होते. तबकडी वर असताना तोलचक्राच्या आंदोलनाची व्याप्ती साधारण 270 अंशांपुढे अपेक्षित असते. इथे ती 190 अंशांच्या आसपास अडखळत होती, आणि चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या खड्यांभोवतीचे तेल वाळून चिकट झाले होते.

तबकडी पुन्हा रंगवणे हा माझ्या मते गुन्हा नाही, तसे सांगून विकलेली घड्याळे मी आनंदाने दुरुस्त करतो. आक्षेप किमतीला होता. ग्राहकाने छायाचित्रे दाखवून सुट्या भागांतून जुळवलेल्या घड्याळाचा दर सर्व्हिसिंगचा खर्च वजा करून देऊ केला. विक्रेत्याने तो नाकारला आणि घड्याळ परत नेले.