सलग चार सुट्ट्या आणि अलीकडे सरकलेली हुंडी

ऑगस्ट २०२२ मध्ये बँका सलग चार दिवस बंद होत्या. १३ ला दुसरा शनिवार, १४ ला रविवार, १५ ला स्वातंत्र्यदिन आणि १६ ला पारशी नववर्ष. मी तेव्हा इचलकरंजीच्या एका शाखेत बिलांचं टेबल बघत होते. अशा सुट्ट्या जवळ आल्या की गिऱ्हाईक खूश असतं, कारण देणं आपोआप पुढे जातं असा सगळ्यांचाच समज असतो. गुरुवारी दुपारी आमचे एक कारखानदार असेच निवांत येऊन बसले.

“मॅडम, १५ ची हुंडी आहे ना, ती १७ ला भागवतो. तोवर एफडीही सुटते.”

सूत घेताना त्यांनी व्यापाऱ्याची ४ लाख २० हजारांची हुंडी स्वीकारली होती, म्हणजे मुदत भरली की तेवढे पैसे देईन असं त्यावर सही करून कबूल केलं होतं. ती व्यापाऱ्याच्या बँकेकडून वसुलीसाठी आमच्याकडे आली होती. तारीख १३ जून, मुदत ६० दिवस. पहिला दिवस सोडून मोजलं की ६० दिवस १२ ऑगस्टला भरतात. त्यावर कायद्याने मिळणारे सवलतीचे तीन दिवस धरले की १५ ऑगस्ट. इथवर त्यांचा हिशोब चोख होता.

पुढे मात्र १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आड येतो. त्याचं कलम २५ सांगतं की हुंडीचा देय दिवस सार्वजनिक सुट्टीला आला, तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय समजायची. नंतरच्या नव्हे, आधीच्या. १५ ला सुट्टी, १४ ला सुट्टी, १३ ला सुट्टी, म्हणजे शुक्रवार, १२ ऑगस्ट. सवलतीचे तिन्ही दिवस सुट्ट्यांनीच खाल्ले.

“उद्या?” ते खुर्चीत ताठ झाले. “अहो, सुट्टी आली की तारीख पुढे जाते. एफडीचं तुम्हीच सांगितलंत ना?”

एफडीचं मी सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. त्यांची ५ लाखांची वर्षाची ठेव १३ ऑगस्टला संपत होती. ठेव सुट्टीच्या दिवशी संपली की पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, आणि मधल्या दिवसांचं व्याज ठरलेल्या दरानेच द्यावं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ५ टक्क्यांनी चार दिवसांचे २७४ रुपये. म्हणजे येणं १७ वर गेलं आणि देणं १२ वर आलं.

भरीला टेम्पोच्या कर्जाचा १८,५०० रुपयांचा हप्ता १५ तारखेलाच होता. तो तरी पुढे जाईल असं त्यांना वाटत होतं, आणि पूर्वी जायचाही. पण खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी ‘नाच’ ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीलाही चालू असते. शाखेला कुलूप असलं तरी हप्ता खात्यावर येतो, आणि शिल्लक नसेल तर परत जातो. दंड खात्याची बँक आणि कर्ज देणारा, दोन्हीकडून. सुट्टी एकच, पण एक तारीख मागे, एक पुढे आणि एक जागच्या जागी. हे गिऱ्हाइकाने ओळखून असावं ही अपेक्षा मला जरा जादाच वाटते.

हुंडी १२ लाच दाखवणं आम्हाला भागच होतं. मुदतीच्या दिवशी ती सादर केली नाही, तर स्वीकारणारा सुटत नाही, पण हुंडी काढणारा व्यापारी आणि मागे सही केलेले बाकीचे जबाबदारीतून सुटू शकतात. मग हुंडीवर व्यापाऱ्याला आधीच पैसे देऊन बसलेली त्याची बँक आम्हाला धरणार. “चार दिवस थांबा” याला म्हणूनच नाही म्हणावं लागतं.

“मग मोडून टाका एफडी,” ते म्हणाले.

मी मोडू दिली नाही. मुदतीआधी मोडली, मग एकच दिवस आधी का असेना, की आमच्याकडे व्याजदरात एक टक्का कापला जायचा. ५ लाखांवर वर्षाचे सुमारे ५,००० रुपये. त्याऐवजी त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट काढला. ठेवीच्या ९० टक्के म्हणजे साडेचार लाखांची मर्यादा, त्यात हुंडी आणि हप्ता दोन्ही बसत होते. दर ठेवीपेक्षा एक टक्का जास्त, म्हणजे ६. हुंडीच्या रकमेवर १२ ते १७ असे पाच दिवस, हप्त्यावर दोन दिवस, मिळून साडेतीनशेच्या आसपास व्याज. सह्या गुरुवारीच घेतल्या, शुक्रवारी सकाळी हुंडी भागली, आणि १५ ला हप्ताही गेला.

१७ ला ठेव सुटली, ओव्हरड्राफ्ट बंद झाला. ते २७४ रुपये जमा झाल्याचं त्यांनी पासबुकात बोट ठेवून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात नवी हुंडी स्वीकारायला आले. तारीख २२ ऑगस्ट, मुदत तीच ६० दिवस, म्हणजे तीन धरून २४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. सही करायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. सोमवारी सुट्टी, रविवार, त्याआधी चौथा शनिवार.

“म्हणजे शुक्रवारी, २१ ला,” ते म्हणाले. “दिवाळीचा बोनस वाटायच्या दिवशी. व्यापाऱ्याला सांगा, ७५ दिवसांची काढ.”