टायरबदल, नोंद 3: आधी साइडवॉल वाचली, मग दुकानात गेलो

गेल्या नोंदीत म्हटलं होतं की झिजेचा काटा अजून 3 मिमी दाखवतोय, पण खांद्याजवळ बारीक भेगा दिसायला लागल्यात. रविवारी सकाळी ओलं फडकं, खडू आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन पाचही चाकांच्या बाजू वाचून काढल्या. पुढच्या डाव्या टायरवर हे होतं:

```
185/65 R15 88H
DOT .... .... 3519
```

पहिली ओळ म्हणजे एककांची खिचडी आहे. 185 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के. 15 हा मात्र रिमचा व्यास, तोही इंचात. मधला R म्हणजे रेडियल. 'रेडियस' समजणारे मला आजवर इतके भेटलेत की मोजणं सोडलं. 185 चे 65 टक्के 120.25, वर-खाली मिळून 240.5, त्यात रिमचे 381 मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास 621.5 मिमी.

हा आकडा काढायचं कारण स्टेपनी. माझ्या गाडीला चारही अलॉय 15 इंची, पण डिक्कीत 14 इंची लोखंडी चाक, त्यावर 165/80 R14 85T. शेजारच्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "फसवलं तुला कंपनीनं." गणित केलं, व्यास 619.6 मिमी. रिम लहान, पण रबर उंच, म्हणून फरक 2 मिमीचासुद्धा नाही. काकांना पटलं नाही ते सोडा.

आता 88. हे किलो नव्हेत, कोष्टकातला क्रमांक आहे. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, स्टेपनीच्या 85 ला 515. पण हा भार पुरेशा हवेवरच धरायचा. हवा कमी असेल तर तोच टायर तेवढा भार पेलत नाही, वाकून वाकून तापतो. शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी 190 किमी, एच म्हणजे 210. समृद्धीवर कारची मर्यादा 120 आहे, मग 210 कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. मी त्या अक्षराकडे उष्णता सोसण्याची पायरी म्हणून बघतो. गाडीच्या पुस्तकात एच असेल तर त्याच्या खाली उतरायचं नाही.

आणि इथेच माझी चोरी पकडली गेली. मागच्या उजव्या टायरची तारीख, म्हणजे DOT च्या ओळीतले शेवटचे चार अंक, बाहेरून दिसेना. बऱ्याच टायरवर तारखेसकट पूर्ण डीओटी क्रमांक एकाच बाजूला असतो, दुसरीकडे अर्धवट. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून आतून वाचता येतात, मागच्यासाठी चटई टाकून आडवं व्हावं लागतं. (जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका.) आत सापडलं 1122, म्हणजे 2022 चा अकरावा आठवडा, मार्चचा मध्य. मग आठवलं, त्या वर्षी खड्ड्यात टायरची बाजू फाटली होती आणि घाईत एकच बदलला होता. पण त्यावर 88T! तीन वर्षं एका चाकावर टी घेऊन फिरलो आणि पत्ता नाही. बाकी तिन्ही आणि स्टेपनी 3519, म्हणजे ऑगस्ट 2019 ची अखेर. स्टेपनीची नक्षी कोरी करकरीत आहे, पण रबर डिक्कीत बसूनही म्हातारं होतंच, त्यामुळे तिला नवी म्हणता येणार नाही.

दुपारी दुकानात गेलो. मालकांनी आधी 195/65 R15 91H पुढे केला. "थोडा रुंद घ्या साहेब, ग्रिप वाढते." तिथेच फोनवर गणित केलं: व्यास 634.5, म्हणजे 13 मिमी जास्त. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी जवळपास 82 ने पळत असेल. फार नाही, भारही 615 किलोचा, म्हणजे जास्तच. तरी दाराच्या स्टिकरवर हा आकार नाही आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक आत कुठे घासेल याची हमी मालक देईनात. नको म्हटलं.

मग 185/65 R15 88H चे चार आले. तीन 1825, म्हणजे मे 2025 च्या तोंडावरचे. चौथा उलटा ठेवलेला. फिरवून बघितला तर 4722, नोव्हेंबर 2022. न वापरलेला, चकचकीत, पण तीन वर्षं जुना. नीट साठवला असेल तर असा टायर लगेच बाद होत नाही, हे मान्य. पण मला चारही सारखे म्हातारे व्हायला हवेत, आणि किंमत तर चौघांची एकच सांगितली होती. मालक म्हणाले, "एवढं कोण बघतं?" तरी बदलून देतो म्हणालेत.

तीन टायर बाजूला ठेवून त्यांच्या तारखांचे फोटो काढून आलोय. बसवताना तारखेची बाजू बाहेर घ्यायला सांगणार आहे, या टायरना आत-बाहेरची सक्ती नाही. चौथा गुरुवारी येतोय. स्टेपनीसाठी 165/80 R14 चा भाव विचारलाय, तो पुढच्या नोंदीत.